ऑफिसच्या वेळेत बदल: सोमवार 1 जून 2026 पासून 9 ते 5:30

सगळ्यांना नमस्कार,

पहिल्यांदा मुद्द्याचं. सोमवार 1 जूनपासून आपलं ऑफिस सकाळी 10 च्या ऐवजी 9 ला सुरू होणार आणि संध्याकाळी 6:30 च्या ऐवजी 5:30 ला सुटणार. जेवणाची सुट्टी 1 ते 1:30. शनिवारी 9 ते 1:30. हे फक्त ऑफिस स्टाफसाठी आहे, म्हणजे बिलिंग, अकाउंट्स, परचेस आणि डिस्पॅचच्या टेबलावरचे लोक. मशीन शॉपच्या शिफ्टमध्ये काहीच बदल नाही, त्यामुळे तिकडच्यांनी हा मेसेज वाचून टेन्शन घेऊ नये.

तास वाढवलेत का म्हणून काल दोघातिघांनी विचारलं. नाही वाढवले. रोजचे तास होते तेवढेच आहेत, शनिवारचे पण तेवढेच, फक्त सगळं एक तास अलीकडे आलंय. पगार, रजा, ओव्हरटाइमचा हिशोब, यातलं काहीच हलत नाही.

आता हे का केलं ते सांगतो, नाहीतर उगीच कायतरी वेगळंच पसरतंय. आपला कोल्हापूर साइडचा माल नेणारी लॉरी आधी संध्याकाळी 6 पर्यंत लोडिंग घ्यायची, आता ट्रान्सपोर्टवाल्यांनी ते 4:30 ला बंद करायचं ठरवलंय. पावसाळ्यात रात्रीची गाडी नको म्हणतात, आणि त्यांचं पण चूक नाही. पण आपल्याकडं काय होतंय, 10 ला आल्यावर क्यूसीची लिस्ट टेबलावर येईपर्यंत 11:30, मग बिल, आणि माल महाराष्ट्रात जाणार म्हणजे आयजीएसटी लावून ई-वे बिल, त्यात गाडी नंबर टाकल्याशिवाय पार्ट बी पूर्ण होत नाही, आणि गाडी नंबर मिळतो दुपारनंतर. एखाद्या दिवशी पोर्टल स्लो असलं की संपलंच. गेल्या गुरुवारी शिरोलीच्या पार्टीचे बारा बॉक्स पॅक होऊन, लेबल लागून, ताडपत्री टाकून रात्रभर डिस्पॅचच्या दारात पडून होते, कारण बिल निघालं 4:50 ला आणि लॉरी गेलेली. कुणाची चूक काढत नाही, त्या दिवशी बिलिंगला एकच माणूस होता. पण असं दर आठवड्याला झालं तर पार्टी किती दिवस ऐकणार?

म्हणून 9 ला बसलो तर 10:30 पर्यंत लिस्ट, दुपारी 3 पर्यंत बिलं, 4 ला माल दारात. 4 नंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी जाईल, आणि ते पार्टीला फोनवर आधीच सांगायचं, गाडी गेल्यावर नको.

येण्याजाण्याचं: सेकंड गेट पडलं की शहापूर-वडगावच्या लोकांची दहा-पंधरा मिनिटं जातात हे मला माहीत आहे, मी पण तिथंच उभा असतो की. म्हणून थंब 9:10 पर्यंत चालेल. त्याच्या पुढं गेलं तर लेट लागेल, पण पहिले दोन आठवडे, म्हणजे 13 जूनपर्यंत, कुणालाच लेट लावणार नाही, तोवर बस आणि घरचं सगळं बसवून घ्या. खानापूर, नंदगड, शिनोळीकडून येणाऱ्यांनी आपली बस किती वाजता इथं पोचते ते कागदावर लिहून द्या. पहिली बसच उशिरा असेल तर तुमच्यासाठी 9:30 ते 6 करू, त्यात लाजायचं काही नाही. संध्याकाळी लवकर सुटल्यानं गावाकडच्या बायकांना उजेडात घरी पोचता येईल, हे मात्र या बदलातलं मला स्वतःला आवडलेलं.

पोरांना शाळेत सोडून येणाऱ्यांना पण 9:30 ची सवलत मिळेल, पण ते रोजचं ठरलेलं पाहिजे, आज 9 उद्या पावणेदहा असं नको. बिलिंगमध्ये दोघं तरी 9 ला हजर पाहिजेत, ते आपापसात ठरवा आणि मला सांगा.

चहा आता 10:30 ला आणि 3:30 ला, मामांना सांगून झालंय. ऑफिसची चावी वॉचमन अण्णांकडे 8:45 पासून असेल.

अडचण असेल तर गुरुवार 28 मे पर्यंत मला येऊन भेटा, ग्रुपवर लांबलचक लिहू नका, तिथं निम्मं वाचलं जातं आणि निम्म्याचा अर्थ वेगळा निघतो. हीच नोटीस कन्नडमध्ये थंब मशीनच्या शेजारी लावली आहे. वाचून झालं की खालच्या यादीत आपल्या नावासमोर सही करा.

ऑफिस इनचार्ज
उद्यमबाग, बेळगाव