प्रमुख पाहुण्यांची ओळख आणि आभार : वार्षिक क्रीडा बक्षीस समारंभ

(ओळख)

नमस्कार मंडळी. मागे उभी असलेली मुलं पुढे येऊन बसा बरं, बक्षिसं सुरू व्हायच्या आधी आजच्या पाहुण्या कोण आहेत ते नीट ऐकून घ्या.

ललिता बाबर मॅडम सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या. माण म्हणजे दुष्काळी पट्टा, हे सगळ्यांना माहितीच आहे. सुरुवातीला त्या लांब पल्ल्याच्या धावपटू, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात 2012 पासून सलग तीन वर्षं पहिल्या आल्या, आणि नंतर वळल्या 3000 मीटर स्टीपलचेसकडे. ही रेस काय असते ते सांगतो, कारण आपल्याकडे हा इव्हेंट नाहीये. साडेसात राऊंडच्या आसपास पळायचं, त्यात 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. आणि तो अडथळा साध्या हर्डलसारखा पाय लागला की आडवा पडत नाही, तो जागचा हलतच नाही, पडलं तर आपणच पडतो, वर ओले बूट घेऊन पुढचे राऊंड काढायचे.

या प्रकारात त्यांनी 2014 च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणि 2015 च्या आशियाई अ‍ॅथलेटिक्समध्ये गोल्ड मिळवलं. 2016 ला रिओ ऑलिम्पिकच्या हीटमध्ये 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा नॅशनल रेकॉर्ड केला आणि थेट फायनल गाठली. पी. टी. उषा 1984 ला फायनल पळाल्या होत्या, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या फायनलला पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला त्या 32 वर्षांनी ह्याच. फायनल 15 ऑगस्टला होती, त्यात त्या दहाव्या आल्या. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला.

दहावा नंबर मुद्दाम सांगतोय. आज ज्यांचं नाव यादीत नाही त्या मुलांनी हा आकडा ऐकावा असं मला मनापासून वाटतं, जगातल्या दहाव्या बाई आहेत त्या! मॅडम, तुमचं मनापासून स्वागत, जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या.

(आभार)

मॅडम, तुम्ही वेळ काढून आलात त्याबद्दल क्लबतर्फे, पालकांतर्फे आणि ह्या सगळ्या पोरांतर्फे खूप खूप आभार. एवढी मोठी यादी असूनही प्रत्येकाच्या गळ्यात पदक तुम्ही स्वतः घातलंत, कुणालाही घाईघाईने पुढे ढकललं नाहीत, बारा वर्षांखालच्या मुली तर अजून पदक हातात धरूनच बसल्यात. आमच्या लांब पल्ल्याच्या मुलींना तुम्हाला समोर बघून जो हुरूप आलाय तो आम्हा कोच लोकांना रोज ओरडूनही आणता येत नाही, हे अगदी खरं सांगतो. क्लबच्या अध्यक्षांना विनंती, त्यांनी पुष्पगुच्छ देऊन मॅडमचे आभार मानावेत, आणि मुलांनो, ग्रुप फोटो ट्रॅकवर आहे, उंच मुलं मागे, गर्दी न करता चला.