मामा, ग्रुपवर नाही, फक्त तुम्हाला लिहितेय

मामा, नमस्कार.

काल रात्री तुम्ही विचारलंत, "पल्लू, निळी खूण दिसते म्हणजे तू वाचतेस. मग साधा अंगठा पण का नाही? रागावलीस का?" मेडिकल बंद करून घरी यायला साडेदहा झाले होते आणि उत्तर दोन ओळींत बसणारं नव्हतं. आज दुपारी काउंटरवर गर्दी नाही, म्हणून लिहायला घेतलं. कुटुंबाच्या ग्रुपवर मुद्दाम टाकत नाही. तिथे सगळे तुमच्याहून लहान आहेत, आणि त्यांच्यासमोर मी तुम्हाला काही सांगावं हे मलाच बरं दिसत नाही.

रागावले-बिगावले अजिबात नाही. पहाटे पाच-सव्वापाचला तुमचं जास्वंदीचं फूल आलं की कळतं, मामा उठले, चहा झाला, गुडघा ठीक आहे. मे महिन्यात तुमचा फोन हौदात पडला होता तेव्हा दोन दिवस फूल आलं नाही, तर आईने मामींना चार फोन केले. तेव्हा फुलं चालू ठेवा. शिराळा-मुंबई गाडीच्या आठवणी लिहिता त्या तर मी जपून ठेवल्या आहेत. घाटात गाडी बंद पडली आणि तुम्ही सगळ्या प्रवाशांना पिठलं-भाकरी मिळवून दिलीत, ती गोष्ट मी माझ्या मुलाला दोनदा वाचून दाखवली. माझं म्हणणं फक्त औषधपाण्याच्या मेसेजबद्दल आहे.

परवाचाच घ्या. "लकवा मारला तर रुग्णाला जागेवरून हलवू नका, सुईने दहाही बोटांच्या टोकांतून रक्त काढा, माणूस पाच मिनिटांत उठून बसतो." मामा, हा मेसेज वाचून मला खरंच धडकी भरली. लकव्यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गाठ अडकलेली असते, नाहीतर वाहिनी फुटून आत रक्त सांडलेलं असतं. बोटातून चार थेंब काढून यातलं काहीच बदलत नाही. गाठ असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिला त्रास दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून आत गाठ आहे की रक्तस्राव हे बघावंच लागतं. कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. आता तुम्हीच हिशेब करा. शिराळ्याहून कराडला पोचायलाच तास जातो. त्यात सुई शोधा, बोटं टोचा, "हलवू नका" म्हणून वाट बघत बसा. तो मेसेज नेमका सगळ्यात मोलाचा वेळ खातो.

आता एक गोष्ट सांगते, ती आईने तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. तिला कळलं तर मला ओरडेल, पण तुमच्यापासून लपवावी असं मला वाटत नाही.

फेब्रुवारीत तुम्ही धण्याच्या पाण्याचा मेसेज पाठवलात: "२१ दिवस प्या, थायरॉइडची गोळी कायमची बंद." आईने गोळी बंद केली. मला बोलली नाही, कारण मी बोलणार हे तिला माहीत. पहिले पंधरा-वीस दिवस तिला काहीच जाणवलं नाही, उलट धण्याने गुण आला असं वाटलं. यातली गोम अशी की ते औषध अंगात आठवडाभराने निम्मं होतं, अजून आठवड्याने त्याच्या निम्मं. आधीच्या गोळ्यांच्या शिलकीवर तिचं चाललं होतं, आणि श्रेय धण्यांना गेलं. एप्रिलच्या शेवटी मी घरी गेले तर आई भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसलेली. चेहरा सुजल्यासारखा, बोलताना आवाज जड, दुपारभर झोप. रक्ततपासणी केली तर थायरॉइडचा आकडा, टीएसएच, ३८. चारच्या आत असायला हवा तो. गोळी परत सुरू करून दीड महिन्याने पुन्हा तपासलं, आता खाली येतंय, काळजीचं काही नाही.

मी विचारलं, "आई, माझी आई असून मला एकदा विचारावं वाटलं नाही?" तर म्हणाली, "दादाने पाठवलं होतं गं. दादा काय वाईट सांगेल का?"

मामा, हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुम्ही चांगल्याच मनाने पाठवलंत आणि धण्याचं पाणी काही विष नाही. ज्याला आवडतं त्याने प्यावं, गोळी चालू ठेवून. पण तो मेसेज कुणी अनोळखी माणसाने पाठवला असता तर आईने ढुंकून पाहिलं नसतं. तुमचं नाव वर होतं, म्हणून तिने केलं. तुमच्या शब्दाला आमच्या घरात केवढं वजन आहे याचा तुम्हालाच अंदाज नाही.

दुकानात मी हे रोज बघते. माणूस गोळ्यांची चिठ्ठी काढायच्या आधी मोबाईल पुढे करतो, "ताई, हे आहे का?" मागे साप चावल्यावर द्यायला 'नाजा २००' हे होमिओपॅथीचं औषध घरात ठेवा असा मेसेज फिरत होता, तेव्हा तर दिवसाला दोघं-तिघं यायचे. बत्तीस शिराळ्याच्या माणसाला सापाबद्दल मी काय सांगणार! नाग चावलेल्याला सरकारी दवाखान्यातली लसच लागते हे तुमच्या गावातलं पोरही सांगेल. गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो, हा मेसेज टाटा रुग्णालयाच्या डॉ. बडव्यांच्या नावाने तुम्ही दोनदा पाठवलात. ते त्यांनी म्हटलेलंच नव्हतं, रुग्णालयाने स्वतः तसं जाहीर केलं होतं. मोठ्या डॉक्टरचं नाव खाली चिकटवायला कुणाला पैसे पडत नाहीत.

आणि तुम्हाला हे पटवायला मी कोण? तीस वर्षं कंडक्टरकी केलीत. मला लहानपणी पुढच्या सीटवर बसवायचात तेव्हाचं आठवतं. कुणी शंभराची नोट दिली की तुम्ही ती खिडकीकडे धरून उजेडात बघायचात, अंगठ्याने कडेला चोळायचात, मग पाकिटात. माणूस ओळखीचा असला तरी. मी विचारलं होतं, "मामा, ते तर तुमच्या गावचे पाटील होते ना?" तर म्हणालात, "पाटलाला पण कुणीतरीच दिली असेल की." बघा, मेसेजचंही हेच आहे. तुम्हाला ज्याने पाठवला तो सज्जनच असतो, पण त्यालाही कुणीतरीच दिलेला असतो.

साखळीच्या मेसेजबद्दल तर तुमच्याच घरची गोष्ट. "हे पत्र २१ जणांना लिहा, नाहीतर घरावर संकट येईल" असं कार्ड आलं तेव्हा आजी घाबरून पोस्टात कार्डं आणायला निघाली होती, आणि आजोबांनी ते कार्ड बंबात घातलं. तुम्हीच हसत हसत सांगता ना, त्या दिवशी पाणी लवकर तापलं म्हणून? आता तेच कार्ड मोबाईलवर येतं. ११ जणांना न पाठवल्यास देव कोपत नाही हो. देवाला एवढे हिशेब ठेवायला वेळ कुठला!

एक मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गेल्या महिन्यात "मुलं पळवणारी टोळी तालुक्यात शिरली आहे, भिक्षेकऱ्याच्या वेशात फिरतात" असा मेसेज तुमच्याकडून आला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला असल्याच अफवेवरून जमावाने पाच माणसं ठार मारली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, आपल्या मंगळवेढ्याकडचे. असली बोचकी घेतलेली किती माणसं तुमच्या गाडीत बसली असतील, किती जणांना तुम्ही जागा करून दिली असेल. तो मेसेज तुमच्या हातून पुढे गेला हे मला लागलं. तेवढा एक ग्रुपवरून काढून टाका, आणि आता काढता येत नसेल तर "ही अफवा आहे" असं खाली लिहा. हे मी हक्काने मागते.

आणि हो, तुम्ही म्हणत होतात ना, काही मेसेज एका वेळी एकालाच जातात, मोबाईल बिघडलाय का? बिघडला नाही. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला असेल तर वर दोन बाण दिसतात आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं येतं. तो मग एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अफवा पसरू नयेत म्हणूनच तशी सोय केली आहे. दोन बाण दिसले की नोट उजेडात धरायची.

माझं मागणं एवढंच. औषधाचं, आजाराचं काही आलं की ग्रुपच्या आधी मला पाठवा. दिवसात दहा आले तरी चालतील, रात्रीपर्यंत उत्तर देईन. मला माहीत नसेल तर आमच्या इथल्या डॉक्टरांना विचारीन. खरं निघालं तर पाठवायचा मान तुमचा.

दुसरं, आज-उद्या आईला फोन करा. धण्याचा विषय काढू नका, तिला अवघडल्यासारखं होईल. नुसतं म्हणा, "अगं, सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतेस ना?" माझ्या शंभर वेळा सांगण्याने होत नाही ते तुमच्या एका वाक्याने होईल. मामींच्या बीपीच्या गोळ्यांचंही एकदा बघा. डोकं दुखत नाही म्हणून त्या मधूनमधून सोडतात असं आईच्या बोलण्यातून कळलं. बीपी वाढलेलं बहुतेकदा कळतच नाही, दुखलं नाही म्हणजे बरं झालं असं नसतं. स्ट्रिपचा फोटो पाठवा.

सुईच्या मेसेजच्या जागी टाकायला एक मजकूर लिहून देते. खाली कुणा मोठ्या डॉक्टरचं नाव नाही, तुमचंच घाला:

"मंडळी, परवा मी बोटं टोचण्याचा जो मेसेज पाठवला तो चुकीचा होता, कुणी तसं करू नका. बोलताना तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, शब्द अडखळणं, यातलं काहीही अचानक दिसलं तर घड्याळात वेळ बघून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. तोंडाने पाणी, गोळी काही देऊ नका, ठसका लागून श्वासात जाऊ शकतं. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच. - आप्पा, शिराळा"

'चुकीचा होता' हे शब्द नको वाटले तर बदला. पण राहू दिलेत तर बरं. ग्रुपवर आजवर कुणीच तसं लिहिलेलं नाही, आणि तुम्ही लिहिलंत तर अंगठा सगळ्यात आधी माझा येईल.

रविवारी दुपारच्या गाडीने येतेय. मामींना म्हणावं जेवायला काही विशेष करू नका, पिठलं-भाकरीच पाहिजे. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा, येताना आणते.

तुमची,
पल्लू