कूलर नंतर बघा, आधी हा आकडा बघा

(शनिवार, दुपारी अडीच, सिंहगड रोडवर दुकानाबाहेर मांडव. कूलर फुटपाथच्या बाजूला, टाकी रिकामी, जाळीवर थर्मामीटर लटकवलेला.)

या काका, या ताई, सावलीत या. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, फक्त पाच मिनिटं उभे रहा. हा आकडा मोठ्याने वाचा बरं. सदतीस ना? आता मी नुसता पंखा चालू करतो, पाणी नाही हां. हवा लागतेय? गरम आहे ना, भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी? वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ही हवा बरोब्बर ओळखीची, रात्री अकरालासुद्धा स्लॅब हेच देतो.

आता दादा, तुम्हीच ही बादली टाकीत ओता, मी हात लावत नाही, नाहीतर म्हणाल गुपचूप बर्फ टाकला. नळाचं साधं पाणी आहे, बोट बुडवून बघा. हं, आता पंपाचं बटण दाबा.

(दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, पॅड पूर्ण भिजेपर्यंत घाई करू नका.)

तोवर सांगतो, यात गॅस नाही, जादू नाही, घरातला माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं ना, तेच. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात, आणि एप्रिल-मे मध्ये पुण्याची हवा कशी असते ते तुमच्या फुटलेल्या ओठांना विचारा.

वाचा आता आकडा, ताई तुम्ही वाचा. सत्तावीस! कूलर तोच, पंखा तोच, फक्त पाणी आलं. आता तोंड पुढे करा काका, लाजू नका.

खरं तेही सांगतो. खिडकी उघडी ठेवायची, एसीसारखं दारं-खिडक्या लावून बसलात तर तासाभरात खोली दमट आणि मग मला शिव्या. जुलैत काही उपयोग नाही, झाकून ठेवा. आणि अलिबागच्या मावशीसाठी नेत असाल तर नका नेऊ, तिथे हवेतच पाणी आहे. टँकरचं पाणी असेल तर पॅडवर पांढरा थर बसतो, तो दर महिन्याला धुवायचा, टाकी आठवड्याला रिकामी करून पुसायची म्हणजे डास होत नाहीत.

वीज? हा एकशे ऐंशी वॅटचा, रात्रभर आठ तास चालला तरी दीड युनिटच्या आत. दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा एवढं तासाभरात खातो.

पन्नास लिटर टाकी, आठ हजार नऊशे नव्वद, पॅडचा जास्तीचा सेट आज फुकट, धायरीपासून स्वारगेटपर्यंत आज संध्याकाळीच घरपोच. काका, तुम्ही अजून समोरून हललेला नाही, बिल तुमच्या नावाने करू की काकूंच्या?