सप्लायरचं बिल शीटमध्ये चढवताना: नव्या क्लार्कसाठी नोट

ही नोट आपल्या दाल मिलच्या अकाउंट्समधे नवीन आलेल्या तिघांसाठी आहे, पण जुन्यांनी बी एकदा वाचा कारण जास्त गोंधळ जुनेच करायलेत असं माझं मत आहे. तोंडी दहा वेळा सांगून झालं, प्रत्येकजण आपापल्या परीने ऐकतो आणि आपापल्या परीने टाईप करतो, म्हणून आता लिहूनच देतो.

दिवाळीच्या आधी काय झालं ते आधी सांगतो. बारदानावाल्याचं एक बिल होतं, नंबर `BT/0245/25-26`. गाडीबरोबर आलेली कॉपी एकाने चढवली आणि नंबर टाकला `245`. चार दिवसांनी त्याच बिलाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली, ती दुसऱ्याने चढवली `BT-245` म्हणून. शीटला काय कळणार, त्याच्यासाठी दोन वेगळी बिलं, दोनदा पेमेंट गेलं. सप्लायर ओळखीचा म्हणून पुढच्या बिलात वळतं करून घेतलं, नाहीतर बसलो असतो फोन करत. दोघांनीही आळस केला नव्हता बगा, दोघांनी आपापल्या डोक्याने नंबर "सोपा" केला एवढंच.

तर बिल नंबर जसा छापलाय तसाच टाकायचा. तिरपी रेघ असेल तर तिरपी रेघ, आडवी असेल तर आडवी, पुढचे शून्य सुद्धा, मागचं वर्ष सुद्धा. जीएसटीच्या नियमात बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो आणि त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ, तिरपी रेघ एवढंच चालतं, त्यामुळे तुम्ही टाईप केलेलं त्याहून लांब व्हायलं तर समजा तुम्ही दुसरंच काहीतरी उचललंय, बहुतेक आयआरएन. ई-इनव्हॉइसवर क्यूआर कोडच्या शेजारी ६४ अक्षरांची जी लांबलचक माळ असते ती आयआरएन, तो बिल नंबर नाही. ई-वे बिलाचा १२ आकडी नंबर बी नाही, चलन नंबर बी नाही, बिल्टीचा नंबर तर अजिबात नाही.

आणि टाईप करण्याआधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमधे आहे का बघा. एक्सेल स्वतःला लई शहाणं समजतं, `0245` टाकलं की शून्य खाऊन टाकतं आणि `11-25` टाकलं की त्याची नोव्हेंबर महिन्याची तारीख करून ठेवतं. नंतर फॉरमॅट बदलून काही परत येत नाही, खाल्लेलं ते खाल्लं.

आता जीएसटी नंबर. पंधरा अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे: आपलं महाराष्ट्र २७, बिदर-कलबुर्गीकडचा माल आला तर २९, हैदराबाद-झहीराबादचा आला तर ३६, गुजरातचा २४. पुढची दहा म्हणजे सप्लायरचा पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. मग एक नोंदणीचा क्रमांक, तो बहुतेक वेळा 1 असतो, मग साधारण कायम Z, आणि शेवटचं तपासणीचं एक अक्षर किंवा आकडा. हे पाठ करायचं कारण असं की झेरॉक्समधे O आणि 0, S आणि 5, I आणि 1 सारखेच दिसतात, तिथे अंदाज न करता जागा बघायची. तिसऱ्या ते सातव्या जागेवर आकडा येऊच शकत नाही, आठव्या ते अकराव्या जागेवर अक्षर येऊ शकत नाही. शेवटच्या जागेवर मात्र दोन्ही येऊ शकतं, तिथं कळलं नाही तर जुनं बिल काढून बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र ही नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सप्लायरच्या जागी आपलाच जीएसटी नंबर टाकणं! बिलावर दोन असतात, कधी तीन, एक विकणाऱ्याचा, एक आपला, आणि खाली ट्रान्सपोर्टवाल्याचा. आपला बी २७ ने सुरू होतो, लातूरच्या सप्लायरचा बी २७ ने, घाईत डोळा चुकतो. आपला नंबर मॉनिटरला चिकटवून ठेवलाय, तो सप्लायरच्या कॉलममधे दिसला की चुकलं.

सप्लायरचं नाव हाताने टाईप करायचंच नाही. जीएसटी नंबर टाकला की मास्टरमधून जे नाव येतं तेच घ्यायचं. लेटरहेडवर दुकानाचं नाव एक, शिक्क्यावर दुसरं, आणि बँकेत मालकाच्या नावावर तिसरंच, हे आपल्याकडं नवीन नाही. मास्टरमधे नाहीच सापडला तर नवीन लेजर स्वतः उघडू नका, मला सांगा. एकाच हार्डवेअरवाल्याची चार लेजर मी गेल्या महिन्यात एकत्र केली, अर्धा रविवार गेला.

तारीख म्हणजे बिलाची तारीख. माल गेटवर आला ती तारीख नाही, तिला वेगळा कॉलम आहे. ई-इनव्हॉइसवर पावतीची वेगळी तारीख असते ती बी नाही. टाकायची पद्धत एकच, `05-Nov-2025`. असं टाकलं की कुणाच्या कॉम्प्युटरची सेटिंग काहीही असो, ५ नोव्हेंबरचं ११ मे होत नाही.

रकमा. इथं जरा थांबून बघा, एक खरं बिल घेऊ. २,००० पोती, ४२.५० रुपये भाव, झाले ८५,०००. त्यातून २ टक्के डिस्काउंट १,७०० वजा, ८३,३००. वरून पॅकिंग-फॉरवर्डिंग ४५०. टॅक्सेबल झालं ८३,७५०. सीजीएसटी अडीच टक्के २,०९३.७५, एसजीएसटी तेवढाच. बेरीज ८७,९३७.५०, राउंड ऑफ ५० पैसे, एकूण ८७,९३८. आता ह्यात टॅक्सेबल कुठलं? मागं एकाने ८५,००० टाकलं कारण टेबलमधे मोठ्या अक्षरात तेच होतं, एकाने ८३,३०० टाकलं. बरोबर ते ८३,७५०, ज्या आकड्यावर टॅक्स लावलाय तो. ओळखता येत नसेल तर खालचा टॅक्सचा तक्ता बघा, तिथं तो आकडा परत छापलेला असतो. शीटमधे:

```
F2  83750
G2  2093.75
H2  2093.75
I2  0
J2  0.50
K2  87938
```

स्वल्पविराम टाकायचे नाहीत, रुपयाचं चिन्ह टाकायचं नाही, आकडे इंग्रजीत. राउंड ऑफ खाली गेला असेल तर J मधे वजा चिन्हासकट. टॅक्स स्वतः काढून टाकायचा नाही, छापलाय तोच टाकायचा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच रेट बदललेत, १२ वाला बराच माल ५ वर आलाय, आणि तुमच्या डोक्यातला रेट जुना असू शकतो. बिल चूक वाटलं तरी आकडा बिलाचाच आणि शेऱ्यात लिहा काय खटकलं ते. आपण सप्लायरचं बिल दुरुस्त करायला बसलेलो नाही, ते त्यानेच दुरुस्त करून द्यायचं.

बिदरवाल्याने २९ चा नंबर असून सीजीएसटी-एसजीएसटी लावला, किंवा लातूरच्या २७ वाल्याने आयजीएसटी लावला, तर ते बिल चढवा पण पेमेंटला पाठवू नका, शेरा "टॅक्स तपासा", आणि माझ्या ट्रेमधे.

शून्य आणि मोकळं ह्यात फरक आहे. शून्य म्हणजे बिलावर तो टॅक्स नाहीच हे मी बघितलं. मोकळं म्हणजे आहे पण वाचता आलं नाही. मोकळं सोडलं तर शेऱ्यात कारण हवंच. अंदाजाने भरलेला आकडा दिसायला खऱ्यासारखाच दिसतो, तो नंतर कुणालाच सापडत नाही, म्हणून मला मोकळी खोली परवडते, अंदाज परवडत नाही.

हाताने लिहिलेली बिलं. उदगीर रोडच्या दुकानांची, वेल्डिंगवाल्यांची, मराठी आकड्यात असतात. मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ५ इंग्रजी 4 सारखा. एकाच बिलात वर इंग्रजी आणि खाली मराठी आकडे लिहिणारे बी आहेत, त्यांना नमस्कार. तिथं नग गुणिले भाव करून बघा, गुणाकार जुळला तरच आकडा धरा. पेट्रोल पंपाच्या पावत्या त्याच दिवशी झेरॉक्स करा, आपल्या उन्हात त्या चकचकीत कागदावरची छपाई एप्रिल-मे मधे फाईलमधेच उडून जाते.

काय चढवायचं नाही: कोटेशन, प्रोफॉर्मा, डिलिव्हरी चलन. अडत्याची पट्टी ह्या शीटमधे नाही, तिचं रजिस्टर वेगळं. क्रेडिट नोट आली तर बिलाच्या शीटमधे वजा करून घुसवू नका, तिचा वेगळा टॅब आहे आणि तिथं मूळ बिलाचा नंबर लागतो. "बिल ऑफ सप्लाय" असेल तर ते चढवायचं, टॅक्सच्या तिन्ही खोल्यांत शून्य.

बँक खातं हा कॉलम तुमच्यासाठी बंद आहे. बिलावर नवीन खाते नंबर छापून आला किंवा "आमचं खातं बदललंय" असा मेल आला तर काहीही बदलू नका. बिलावरच्या किंवा मेलमधल्या नंबरवर फोन बी करू नका, आपल्या मास्टरमधे जुना नंबर आहे त्यावर मी स्वतः बोलतो. असल्या मेलमधूनच पैसे जातात.

दिवसाच्या शेवटी ही तीन सूत्रं चालवायची, N, O, P कॉलममधे आधीच टाकून ठेवलीत, फक्त खाली ओढा:

```
=LEN(C2)=15
=ROUND(F2+G2+H2+I2+J2-K2,2)=0
=COUNTIFS(C:C,C2,D:D,D2)>1
```

पहिल्या दोघांत `FALSE` आलं की चूक, तिसऱ्यात `TRUE` आलं की डबलचा संशय. तिसरं सूत्र `0245` आणि `245` ला एकच धरतं, ते आपल्या फायद्याचंच आहे, पण `BT/0245/25-26` आणि `BT-245` त्याला वेगळेच दिसतात, म्हणून वरचं सगळं पुराण. एक अजून, काही सप्लायर बिलावर वर्ष छापत नाहीत आणि एप्रिलमधे परत 1 पासून सुरू करतात, तिथं तारीख बघून ठरवा, लगेच डिलीट मारू नका.

जीएसटी पोर्टलवर महिन्याच्या १४ तारखेला २बी येतं, म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या आपल्या बिलांची यादी, त्याच्याशी आपली शीट लागते. तिथं न लागलेली बिलं दर महिन्याला निघतात आणि त्यातली निम्मी सप्लायरची चूक नसतेच, आपल्याच टाईपिंगची असते. १४ च्या संध्याकाळी घरी वेळेवर जायचं असेल तर काय करायचं ते कळलंच असेल.

सोमवारपासून पहिला आठवडा असं करू: रोजची पहिली वीस बिलं दोघांनी वेगवेगळी चढवायची, एकमेकांचं न बघता, चार वाजता मी दोन्ही शीट शेजारी ठेवतो. जिथं फरक पडेल तिथं कोण चुकलं हे विचारणार नाही, बिलावर नेमकं कुठं बघितलं ते बोटाने दाखवायचं. हमालीच्या पावत्या त्या वीसात धरू नका, त्यांचं वेगळं दुखणं आहे, त्यावर नंतर बसू.