राजगड, रविवार २ ऑगस्ट: निघण्याआधी सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा

नमस्कार मंडळी,

राजगडाची यादी आज दुपारी बंद केली. आपण २२ जण आहोत. त्यातले सात जण पावसात पहिल्यांदाच गड चढणार आहेत, म्हणून यावेळचा मेसेज लांब आहे. जुन्यांनीही वाचा, कारण परतीच्या वेळा आणि हवामानाचे नियम यंदा बदललेत. वाचून झालं की खाली फक्त अंगठा टाकू नका, "वाचलं" असं लिहा आणि सोबत आपला रक्तगट लिहा. कोणी वाचलंय आणि कोणी नुसतं पाहिलंय, ते मला त्यावरून कळतं.

*कुठे आणि कधी भेटायचं*

पहिला थांबा सारसबागेचं मुख्य प्रवेशद्वार, पहाटे ४.४५. बस ५ वाजता हलणार. दुसरा थांबा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाचं गेट, ५.२०. धनकवडी, बिबवेवाडी, आंबेगावकडच्यांनी तिथेच यावं, उलटं स्वारगेटकडे येऊ नये. मधे कुठेही बस थांबणार नाही. "मी पुलाजवळ उभा राहतो, मला उचला" हे यावेळी कोणालाच मिळणार नाही. पहाटेच्या अंधारात, पावसात हायवेच्या कडेला उभं राहणं गडावरच्या कोणत्याही कड्यापेक्षा धोक्याचं आहे.

गाड्या सारसबागेपाशी दिवसभर लावून ठेवायच्या भानगडीत पडू नका. रिक्षाने या किंवा घरच्या कोणालातरी सोडायला सांगा. उशीर होणार असेल तर ४.३० च्या आत राहुलला फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकू नका. त्या वेळी ग्रुप कोणी बघत नसतं.

नसरापूर फाट्यावरून आत वळून मार्गासनी, साखर करत साधारण ७ ला गुंजवण्यात पोचू. तिथे एका घरी पोहे आणि चहा सांगितलाय. ७.३० ला चढायला सुरुवात. चोर दरवाजाने चढायचं, त्याच वाटेने उतरायचं.

*हवामान: कधी जायचं नाही आणि कधी परत फिरायचं*

हा भाग नीट वाचा. परत फिरायचं की नाही हे गडावर उभं राहून ठरवायला गेलं की नेहमी चुकतं. दरवाजा समोर दिसत असतो, दोन तास चढलेलो असतो, कोणीतरी "आता एवढ्यासाठी कुठे" म्हणतं आणि सगळे पुढे जातात. म्हणून ते आज, घरी बसून, कोरड्या अंगाने ठरवतोय.

शनिवारी रात्री ८ वाजता मी अंतिम मेसेज टाकेन. हवामान खात्याचा रविवारचा इशारा बघताना पुणे शहराचा नाही, पुणे घाटमाथ्याचा बघायचा. तो वेगळा दिलेला असतो. शहर पर्जन्यछायेत आहे. कोथरूडमध्ये ऊन पडलेलं असताना तिकडे धो धो कोसळत असतं, त्यामुळे खिडकीतून बघून अंदाज बांधू नका. घाटमाथ्याला लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर ट्रेक रद्द. नारिंगीला "बघू, जाऊन तर बघू" असं होणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा गड-धबधब्यांवर बंदीचा आदेश आला, तरीही रद्द. पिवळा असेल तर निघू, पण पहाटे ४ ला मी पुन्हा बघेन आणि त्या वेळीही रद्द होऊ शकतो. झोपताना फोन सायलेंटवर ठेवू नका. रद्द झाला तर पुढची तारीख ९ ऑगस्ट. बसवाल्याला शनिवारी रात्री साडेआठच्या आत कळवलं तर तो पूर्ण पैसे परत देतो, म्हणून ८ ची वेळ.

वाटेवरचे नियम असे. १०.४५ पर्यंत शेवटचा माणूस चोर दरवाजातून आत गेला नाही, तर जे जिथे असतील तिथून सगळे खाली. वर पोचलो तर १२ ला पद्मावती माचीवरून उतरायला सुरुवात, मग सुवेळा माची बघून झालेली असो वा नसो. धुक्यात आपल्या पुढचा पुढचा माणूस दिसेनासा झाला की थांबायचं, एकत्र यायचं आणि पुढचा निर्णय राहुल घेईल. विजा चमकायला लागल्या तर माचीच्या टोकावर, बुरुजावर आणि लोखंडी रेलिंगपाशी कोणी थांबायचं नाही.

आणि ओढे. तीन वर्षांपूर्वी मुळशीकडच्या एका ट्रेकला सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही गप्पा मारत ओढा ओलांडला होता. दुपारी परत आलो तेव्हा आमच्या अंगावर पाऊस जवळपास नव्हता, पण वर डोंगरात झाला होता. पाणी चहाच्या रंगाचं झालेलं, आणि पाण्याखालून दगड घरंगळल्याचा खडखड आवाज येत होता. तो आवाज मला अजून आठवतो. आमच्यातला एकजण दोन पावलं आत गेला आणि त्याचा पाय उचलला गेला. मागच्याने सॅकचा पट्टा धरला म्हणून तो राहिला. पुढे अडीच तास आम्ही काठावर भिजत बसलो, पाणी उतरलं, मग गावातल्या दोघांनी दोर धरून एकेकाला पलीकडे घेतलं. तेव्हापासून माझा नियम: पाणी गढूळ झालं किंवा गुडघ्याला लागलं, की ओलांडायचं नाही. कितीही उशीर झाला तरी काठावर बसायचं. अंधार झाला तरी बसायचं.

बालेकिल्ला यावेळी नाही. मला माहितीये काहीजण त्याच्यासाठीच येताय. ती शेवटची चढण उभी आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत, आणि रविवारी तिथे वर जाणारे आणि खाली येणारे एकाच रेलिंगला लटकलेले असतात. ओल्या दगडावर बावीस जणांना मी तिथे नेणार नाही. डिसेंबरमध्ये खास बालेकिल्ल्यासाठी जाऊ.

*काय आणायचं*

बूट सगळ्यात महत्त्वाचे. तळ खोल खाचांचा हवा. सकाळी चालायला वापरता ते गुळगुळीत तळाचे बूट चालणार नाहीत, आणि अगदी कालच घेतलेले नवे कोरेही नकोत, पाय सोलतात. सारसबागेला बसमध्ये चढताना राहुल प्रत्येकाचे तळ बघेल. वाईट वाटून घेऊ नका.

रेनकोट किंवा पोंचो आणा. छत्री अजिबात नको, दोन्ही हात मोकळे लागतात. जीन्स नको, भिजली की दुप्पट जड होते आणि गुडघा वाकत नाही. सॅकच्या वरच्या कव्हरवर विसंबू नका. आत एक मोठी काळी कचऱ्याची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल वेगळ्या पिशवीत बांधून बसमध्येच ठेवा.

बाकी: टॉर्च (फोनचा नाही, वेगळा), शिट्टी, प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये फोन, पॉवर बँक, आपली रोजची औषधं, ओळखपत्र, थोडी सुटी रोकड, स्वतःचं ताट आणि ग्लास. दम्याचा पंप लागणाऱ्यांनी तो सॅकच्या तळाशी ठेवू नये, वरच्या कप्प्यात ठेवावा आणि कुठे आहे ते सोबत चालणाऱ्याला दाखवून ठेवावं. अत्तर, डिओ काही लावू नका, मधमाश्या असतात. दागिने घरी.

प्रथमोपचाराच्या दोन पेट्या आणि ३० मीटरचा दोर आमच्याकडे आहे, ते आणायची गरज नाही.

*पाणी*

प्रत्येकी तीन लिटर. पावसात तहान जाणवत नाही, म्हणून लोक एक बाटली घेऊन येतात. पण रेनकोटच्या आत घाम धारांनी येत असतो. गेल्या वर्षी चोर दरवाजाच्या जरा खाली आपल्यातल्या एका ताईंच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, पाय खाली टेकवता येईना. सकाळपासून त्यांनी अर्धा लिटरही पाणी प्यायलं नव्हतं. अरुंद वाटेवर मागे चाळीस-पन्नास माणसं खोळंबली होती. ओआरएस, मीठ-साखरेचं पाणी आणि मालिश, पाऊण तास गेला.

तर दोन लिटर साधं पाणी आणि एक लिटरच्या बाटलीत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. दर अर्ध्या तासाला मी थांबवेन, तेव्हा प्रत्येकाने चार घोट घ्यायचेच. गडावर तळं आणि टाकी आहेत, पण पावसाळ्यात त्यांच्यात वरचा गाळ वाहून येतो, म्हणून त्यावर अवलंबून राहू नका. खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, ओल्या हाताने खाता येईल असं काहीही. जेवण २.३० ला खाली गुंजवण्यात, पिठलं-भाकरी.

प्लॅस्टिकचा एक कागदसुद्धा वर राहू नये. गेल्या वर्षी राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, बाकी अकरा किल्ल्यांबरोबर. पण मला त्याहून हे महत्त्वाचं वाटतं की महाराजांनी जिथून पंचवीसएक वर्षं कारभार पाहिला, तिथे आपल्या चिप्सची पाकिटं पडू नयेत.

*काही झालं तर*

पुढे राहुल, मधे स्नेहा, शेवटी मी. राहुलच्या पुढे आणि माझ्या मागे कोणीही नाही. लघवीला थांबायचं असेल तरी शेजारच्याला सांगून थांबा.

कोणी चुकलं तर जिथे आहात तिथेच थांबा. वाट शोधत फिरू नका. मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन शिट्ट्या ऐकू येतील. गंमत म्हणून शिट्टी कोणी वाजवू नये.

पुण्यात मेधाताई घरी असतील. त्या येणार नाहीत, त्यांनी मुद्दाम हे काम घेतलंय. आपल्या सगळ्यांची नावं, रक्तगट आणि घरच्यांचे नंबर त्यांच्याकडे कागदावर असतील. गडावर रेंज येते-जाते, म्हणून घरच्यांना मेधाताईंचाच नंबर देऊन ठेवा. तो या ग्रुपवर सगळ्यात वर पिन केलाय, आणि बसमध्ये प्रत्येकाला जे कार्ड देईन त्यावरही आहे. ते कार्ड खिशात ठेवा, सॅकमध्ये नको. उतरल्यावर मी त्यांना कळवणार. ४.३० पर्यंत माझा फोन गेला नाही, तर त्या गुंजवण्यात बसच्या चालकाला आणि पोहेवाल्या घरी फोन करतील. ५.३० पर्यंतही पत्ता लागला नाही तर थेट बचाव पथकाला.

हे तीन नंबर आत्ताच फोनमध्ये टाका:
११२, पोलीस आणि कोणतीही आणीबाणी
१०८, रुग्णवाहिका
७६२०-२३०-२३१, महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र

फोन लागला तर आधी जागा सांगा: राजगड, गुंजवणे बाजू, चोर दरवाजाच्या वर की खाली. मग काय झालंय ते. बोलणं मधेच तुटलं तरी जागा तरी पोचलेली असेल.

ताप, जुलाब, गुडघेदुखी, बीपी, गरोदरपण, काहीही असेल तर मला खासगीत सांगा. ग्रुपवर कळणार नाही आणि तुमचे ६५० रुपयेही बुडणार नाहीत, पुढच्या ट्रेकला धरू.

आता "वाचलं" आणि रक्तगट. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत ज्यांचं आलं नाही त्यांना मी स्वतः फोन करणार आहे.

अनिरुद्ध