एकशे ऐंशीवा दिवस

रात्री साडेअकरा वाजता मधुराने लॅपटॉप वडिलांसमोर सरकवला आणि ती झोपायला गेली. पडद्यावर तिने तयार केलेला बायोडेटा होता. नाव, पत्ता, शिक्षण बी.कॉम., आणि अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ: 'लिपिक, डिस्पॅच व एक्साइज विभाग, जून 2004 ते जुलै 2024.' त्याखाली 'उल्लेखनीय कामगिरी' असे ठळक अक्षरांत लिहून तिने पुढची जागा सोडली होती. "बाबा, निदान चार मुद्दे तरी लिहा, त्याशिवाय कोणी पुढे वाचतच नाही," असे ती जाताना म्हणाली होती.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात सुधाकरने वीस वर्षे काढली, तिथले बिलिंगचे आणि कराचे सगळे काम आता परराज्यातल्या मुख्य कार्यालयातून होणार होते. त्याच्यासह पाच जणांना एक महिन्याचा नोटिशीचा पगार, दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई आणि ग्रॅच्युइटी असा हिशोब मिळाला. हिशोब चोख होता. सुधाकरने तो स्वतः दोनदा तपासला आणि मगच सही केली.

त्याने 'प्रामाणिकपणे काम केले' असे टाइप केले आणि पुसले. 'वेळेवर विवरणपत्रे भरली' हेही पुसले, कारण वेळेवर भरणे ही कामगिरी आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. त्याच्या कामाची अडचणच ही होती की ते नीट झाले तर काहीच घडत नसे. गाडी नाक्यावर अडली नाही, नोटीस आली नाही, ऑडिटरने आक्षेप काढला नाही. न घडलेल्या गोष्टींची नोंद कोण ठेवतो आणि ती बायोडेटात कशी लिहायची, हे त्याला उमगेना.

बारा वाजून गेल्यावर त्याने कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घेतली. कारखान्याची रजिस्टरे कारखान्यात राहिली होती. पण ट्रान्सपोर्टवाले दर दिवाळीला ज्या खिशातल्या डायऱ्या देत, त्यांतली एकही त्याने टाकली नव्हती. पेटी उघडताच कार्बन पेपरचा आणि स्टँप पॅडच्या शाईचा तो जुना वास आला. तळाशी एक रबरी शिक्काही निघाला, 'ट्रान्सपोर्टरची प्रत' असा उलट्या अक्षरांत कोरलेला, कडेने झिजलेला. एक्साइजच्या, म्हणजे उत्पादन शुल्काच्या, काळात प्रत्येक बिलाच्या तीन प्रती निघत, गिऱ्हाइकाची, ट्रान्सपोर्टरची आणि कारखान्याची, आणि त्या तिन्हींवर रोज हाताने शिक्के मारून त्याच्या उजव्या अंगठ्याला जो घट्टा पडला होता, तो अजूनही बोटाने चाचपता येत होता.

त्याने 2011 सालची डायरी उघडली. 18 ऑगस्टच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते: 'प्लेटिंग. 3 मार्चचे चलन. 1,800 नग. 168.' शेवटच्या आकड्याखाली लाल रेघ होती.

त्या आकड्याचा अर्थ त्या कारखान्यात बहुधा त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. कच्च्या मालावर भरलेल्या एक्साइजचे क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून तेवढी वजावट, कारखान्याला मिळे, आणि तो माल प्लेटिंगसारख्या कामासाठी बाहेर पाठवता येई. मात्र तो एकशे ऐंशी दिवसांत परत आला नाही, तर घेतलेल्या क्रेडिटएवढी रक्कम भरावी लागे. बाहेर पाठवलेल्या मालाची अशी शेकडो चलने एकाच वेळी बाहेर असत, प्रत्येकाचा दिवस वेगळा. सुधाकरने ठरावीक रजिस्टरात आपल्या हाताने एक जादा रकाना आखला होता, त्यात दर सोमवारी तो दिवस मोजून लिही, आणि दीडशेच्या वर गेलेल्या प्रत्येक चलनासाठी फोन करी. तसे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्या ऑगस्टमध्ये अंबडच्या प्लेटिंगवाल्याचा कारखाना बंद पडला होता आणि फोन कोणी उचलत नव्हते. सुट्टीच्या दिवशी सुधाकर स्कूटरवरून तिथे गेला, शेजारच्या वर्कशॉपमधून मालकाच्या घरचा पत्ता काढला, त्यांना घेऊन येऊन शटर उघडायला लावले आणि अंधाऱ्या शेडमध्ये टॉर्च तोंडात धरून गोण्या मोजल्या. 24 ऑगस्टच्या पानावर दोनच शब्द होते: 'आत. 174.' मॅनेजरसाहेबांनी त्या चलनावर न बघता सही केली होती, आणि ते बरोबरच होते, कारण बघण्यासारखे त्यात काही उरलेच नव्हते.

मग तो थांबला नाही. 2017 ची डायरी काढली. 30 जूनच्या रात्री, जीएसटी लागू होण्याआधीचे शेवटचे काही तास, तो गोदामात उभा राहून शिल्लक मोजत होता. त्या दिवशी जॉबवर्कवाल्यांकडे, म्हणजे प्लेटिंगसारखी कामे बाहेर करून देणाऱ्यांकडे, जो माल पडून होता, तोही पुढे ट्रॅन-1 या फॉर्ममध्ये दाखवायचा होता आणि सहा महिन्यांत परत आणायचा होता. आसपासच्या कारखान्यांतले ओळखीचे लिपिक जुनी चलने शोधत कित्येक दिवस हैराण होते. सुधाकरची यादी तासाभरात छापून झाली, कारण त्याच्याकडे तो जादा रकाना होता. पुढच्या एप्रिलमध्ये माल गाडीतून नेण्यासाठी ऑनलाइन काढायचे ई-वे बिल आले, तेव्हा रात्रपाळीच्या सुपरवायझरांना ते काढायला त्यानेच शिकवले. कीबोर्डला हात लावायला घाबरणाऱ्या जगतापमामांसाठी त्याने एका पुठ्ठ्यावर मराठीत एकेक पायरी लिहून दिली होती. तो पुठ्ठा निघायच्या दिवशीही गेटच्या केबिनमध्ये टांगलेला होता.

"अहो, दोन वाजले," सुनंदा दारात उभी होती. पेटी, डायऱ्या आणि फरशीवरचा शिक्का बघून ती पुढे काही बोलली नाही. तिने पंख्याचा वेग कमी केला, कारण पाने उडत होती, आणि ती त्याच्याजवळ बसून राहिली.

त्याने टाइप करायला घेतले. इंग्रजी जमेल तसे, पण प्रत्येक वाक्यात आकडा घालून. तेरा वर्षे जॉबवर्कच्या मालाचा दिवसवार हिशोब सांभाळला. मुदत उलटल्यामुळे एकदाही क्रेडिट परत भरावे लागले नाही. जीएसटीत जाताना बाहेरच्या मालाची संपूर्ण यादी एका तासात तयार केली. अकरा जणांना ई-वे बिल शिकवले. अकरा हा आकडा लिहिण्याआधी त्याने डायरीच्या मागच्या पानावर सगळ्यांची नावे मांडून बघितली. 'लिपिक' हा शब्द मात्र त्याने वरच्या ओळीत तसाच राहू दिला. मधुराने दिवसा त्याच्या जागी 'एक्झिक्युटिव्ह' सुचवला होता.

सकाळी मधुराने उभ्या उभ्याच तो कागद वाचला आणि मग खुर्ची ओढून बसली.

"बाबा, हे एकशे ऐंशी दिवसांचं काय आहे? मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तू कधी विचारलं नाहीस, आणि मलाही सांगण्यासारखं वाटलं नाही," सुधाकर म्हणाला. त्याने चहाचा कप बाजूला सारला आणि ओट्यावरून दोन वाट्या आणि मूठभर शेंगदाणे आणून टेबलावर ठेवले.

"ही वाटी म्हणजे आपला कारखाना. ही अंबडची. आता समज, आज 3 मार्च आहे," असे म्हणून तो एका वाटीतले दाणे दुसरीत मोजून टाकू लागला.