काका तुझी वाट बघत नव्हते

प्रिय मेघा,

परवा रात्री तुझा मेसेज आला, "बाबा दाराकडे बघत गेले असतील आणि मी विमानात झोपले होते." फोनवर उत्तर द्यायला घेतलं आणि सोडून दिलं. हे सावकाश लिहायला हवं होतं. तूही दिवसाउजेडी वाच, रात्री नको.

काका दाराकडे बघत नव्हते. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. अतिदक्षता विभागात काम करताना जे रोज समोर असतं आणि त्यांच्या फाइलमध्ये जे लिहिलेलं आहे, त्यावरून सांगते आहे. ती फाइल काकूंच्या परवानगीने मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे.

त्यांना झालेला रक्तस्राव ब्रेनस्टेममध्ये होता. मेंदूचा हा खालचा भाग अंगठ्याएवढा जाड असतो, पण श्वास आणि शुद्ध दोन्ही तोच सांभाळतो. तिथे मोठा रक्तस्राव झाला की माणूस काही क्षणांतच खोल बेशुद्धीत जातो. सकाळी 6:20 ला काकूंनी आवाज ऐकला. त्या धावत आल्या तेव्हाच काका हाकेला ओ देत नव्हते. बेशुद्धी किती खोल आहे हे मोजायची एक पट्टी असते. पूर्ण शुद्धीतल्या माणसाला 15 गुण, आणि सर्वांत कमी 3. त्याखाली आकडाच नाही. काकांचे गुण दवाखान्यात पोचताना 4 होते, दुपारी 3. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला हलत नव्हत्या. सकाळी 6:20 पासून रात्री 11:35 पर्यंत त्यांना वेदना कळली नाही, वेळ कळली नाही, आणि कोण आलंय, कोण नाही, हेही कळलं नाही.

दादाने तुझा फोन त्यांच्या कानाशी धरला होता. "त्यांनी नक्की ऐकलं असेल" असं तुला चारजणांनी सांगितलं, पण मी तसं म्हणणार नाही. कानातून आत गेलेला आवाज मेंदूत पोचतो तो त्याच भागातून, जिथे रक्त साचलं होतं. हे वाचून क्षणभर जास्तच दुखेल, मला माहीत आहे. पण याची दुसरी बाजू बघ. तुझा आवाज जाणवायला जी शुद्ध लागते, तीच शुद्ध तुझं नसणं जाणवायलाही लागते. ती त्यांच्यात उरली नव्हती. काकू आणि दादा उशाशी होते, त्यांचीही जाणीव काकांना नव्हती. तू उशाशी असतीस तरी त्यांच्यासाठी तो दिवस तसाच गेला असता. तुझ्यासाठी मात्र वेगळा गेला असता, आणि दुःख त्याचंच आहे. ते खरं आहे, ते कुणी कमी लेखू नये. तू काकांना एकटं टाकलंस, हे मात्र खरं नाही.

तो फोन काकूंनी ऐकला. तू काय काय बोललीस ते त्यांना पाठ आहे.

आता वेळांचा हिशोब, कारण तू रोज रात्री तो मनातल्या मनात करतेस आणि दर वेळी चुकीचा करतेस. सगळ्या वेळा इकडच्या घेते. दादाचे पहिले दोन फोन 7:10 ला आले, तू झोपेत होतीस, फोन सायलेंटवर होता. 8:05 ला तू उचललास. तुझ्या शहरातून निघणारं पहिलं विमान दुपारी 4 चं होतं आणि तू त्यातच बसलीस. 7:10 ला उचलला असतास तरी तेच विमान मिळालं असतं. त्या 55 मिनिटांनी एक मिनिटाचाही फरक पडला नाही. दोन विमानं आणि मधला थांबा मिळून 18 तास, पुढे गाडीचे 3. सगळं वेळेवर झालं असतं तरी तू शुक्रवारी दुपारी 1 ला घरी पोचली असतीस. काका गुरुवारी रात्री 11:35 ला गेले. फोन उचलल्यापासून त्यांच्याकडे साडेपंधरा तास होते आणि तुझा नुसता विमानप्रवासच 18 तासांचा. सायलेंटवरचा फोन, बॅग भरायला गेलेला वेळ, तिकीट काढताना दोनदा अडकलेलं कार्ड, यातलं काहीही त्या अंतराला पुरं पडलं नसतं.

हे माझ्या शब्दावर मानू नकोस, स्वतः कागदावर मांड. मनात मांडलेल्या हिशोबात आपण विमानाची वेळ सोयीने पुढेमागे करतो. कागदावर तसं करता येत नाही. डावीकडे वेळ, मध्ये "तेव्हा मला काय माहीत होतं", उजवीकडे "नंतर काय कळलं". सगळी गडबड मधल्या आणि उजव्या रकान्यात होते. उजवीकडचं आपण नकळत मध्ये लिहितो आणि मग स्वतःला विचारतो, माहीत असून का नाही केलं? वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसू नकोस, आणि रात्री तर नाहीच. अर्धवट राहिलं तर राहू दे.

मधल्या रकान्यात आदल्या रविवारचा फोन येणार, त्याबद्दल आधीच सांगते. काका म्हणाले, "डोकं जरा जड आहे, झोप नीट झाली नाही." तू म्हणालीस, "दोन दिवसांत बरं नाही वाटलं तर डॉक्टरांकडे जा." हे उत्तर बरोबर होतं. कुठल्याही डॉक्टरने फोनवर हेच सांगितलं असतं. आणि ब्रेनस्टेममधली रक्तवाहिनी अशी फुटते ती अचानक, चार दिवस आधीपासून पाझरत नसते. सोमवारी त्यांनी वहीत रक्तदाब लिहिला आहे, 132/84. त्यांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी काकूंनी अजून तशीच ठेवली आहे. तिच्यात बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे आहेत, गुरुवार ते रविवार भरलेले. म्हणजे त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती. "मी रोज आठवण करायला हवी होती" असं तू म्हणालीस, पण ते स्वतःच लक्षात ठेवत होते. इतकं सांभाळूनही असं होतं. गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही.

अंत्यदर्शन मिळालं नाही याबद्दल तू काकूंना अजून विचारलेलं नाहीस, आणि त्यांना वाटतंय की तू रागावली आहेस. काय झालं ते सांगते. शुक्रवारी सकाळी 10 ला तुझा मेसेज आला, की पुढचं विमान रखडलंय आणि नवी वेळ सांगत नाहीत. काकू तोवर 28 तास जाग्या होत्या, पायाला सूज आली होती. दादा म्हणत होता थांबू. काकू म्हणाल्या, "ती धावत येईल आणि तेवढ्यात आणखी उशीर झाला तर आयुष्यभर स्वतःला दोष देईल. मी थांबवत नाही." निर्णय त्यांचा होता, तोही तुझ्याच काळजीने घेतलेला. दुपारी 12 ला निरोप दिला, तू 6 ला पोचलीस. याबद्दल काकूंशी एकदा बोल. "तू बरोबर केलंस" एवढं म्हणालीस तरी खूप झालं. आत्ता मनापासून म्हणता येत नसेल तर थोडी थांब, पण त्यांना तर्क करत ठेवू नकोस.

"त्यांचा जीव तुझ्यात अडकला होता" असं त्या दिवशी कुणी म्हणालं, ते तुझ्या मनातून जात नाहीये. असं बोलणारी माणसं वाईट नसतात. मरणाजवळ गप्प बसवत नाही म्हणून तोंडात येईल ते बोलतात. पण तुला त्यांना समजावत बसायची गरज नाही. एक वाक्य तयार ठेव: "ते पहिल्या क्षणापासून बेशुद्ध होते, कुणाचीच वाट बघायची वेळ आली नाही." एवढं बोल आणि विषय बदल. जास्त बोलायला गेलीस तर त्यांच्यासमोर सफाई दिल्यासारखं होतं, आणि रात्री पुन्हा तेच डोक्यात फिरत राहतं.

पहाटे 3 ला जाग येते म्हणालीस. सुरुवातीला त्यात प्रवासाचा भाग होता, आता पाच आठवड्यांनी तो उरलेला नाही. अर्ध्या तासात झोप लागली नाही तर अंथरुणातून उठ, दुसऱ्या खोलीत मंद दिवा लावून बस आणि डोळे जड झाले की परत जा. तेव्हा फोन हातात घेऊ नकोस, कारण तू त्यांचे जुने मेसेज उघडतेस. ते मेसेज आणि आवाजाच्या क्लिप मात्र या आठवड्यात दुसरीकडे उतरवून ठेव. फोन बिघडला किंवा बदलला की त्या हातच्या जातात, आणि ते दुःख वेगळंच असतं. काकांचं सिमकार्ड बंद करायची घाई करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. बँकांना रीतसर कळवून खाती काकूंच्या नावावर होईपर्यंत तो नंबर चालू राहू दे.

काकूंना "वेळ मिळेल तेव्हा फोन करते" म्हणू नकोस. दिवस आणि वेळ ठरव, आठवड्यात तीनदा, पंधरा मिनिटं. वेळ ठरलेली नसली की तिकडे त्या वाट बघतात आणि इकडे तुला अपराधी वाटतं. तुझा अपराधभाव आत्ता रोज तास-दीड तास फोनवर घालवतोय, ते दोघींनाही झेपणारं नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारते. "मीच गेले असते तर बरं झालं असतं" असं तू एकदा लिहिलंस. तो विचार पुन्हा येत असेल, किंवा जेवण आणि झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, तर तिथल्या डॉक्टरांची वेळ घे. त्यांना हेच शब्द सांग, सौम्य करून सांगू नकोस. सौम्य करून सांगितलं की "दुःख आहे, होईल कमी" एवढ्यावर भागवलं जातं. आणि स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर वेळ घेत बसू नकोस. तिथल्या आपत्कालीन नंबरवर त्याच क्षणी फोन कर आणि मग मला कर, कितीही वाजले असोत.

काकांचा चष्मा काकूंनी तुझ्यासाठी ठेवला आहे. डाव्या काडीला त्यांनी गुंडाळलेला दोरा तसाच आहे. पाठवू का, की तू येशील तेव्हा घेशील, ते कळव.

रविवारी तुझ्या सकाळी 9 ला फोन करते. फोन सायलेंटवर असला तरी चालेल, मी 10 ला पुन्हा करीन.

तुझी,
वैशाली